नकाशा झाला, खत किती?

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सेंट्रेलिया नावाचे छोटे गाव आहे. त्याच्या जवळ 36 हेक्टरांचे, म्हणजे साधारण नव्वद एकरांचे एक शेत आहे. रस्त्यावरून पाहिले तर सपाट, जरा कुठे कुठे उतरते, एवढेच. एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन. अमेरिकी कृषी खात्याच्या कोलंबिया येथील संशोधकांनी 1990 च्या दशकापासून हे शेत अभ्यासाला घेतले आहे आणि त्याच्याइतकी मोजमापे झालेली शेते जगात थोडीच असतील. मला या शेताचे कुतूहल वाटते ते वेगळ्या कारणाने. शेताचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी खतमात्रा द्यायची, ही कल्पना ऐकायला सोपी आहे. ती नेमकी कुठपर्यंत खरी आहे आणि कुठे पाय घसरतो, हे या मातीत उघड दिसते.

या भागात वरची माती काळपट, भुसभुशीत आणि चांगली आहे. तिच्याखाली मात्र चिकणमातीचा एक घट्ट थर आहे, त्याला तिकडे ‘क्लेपॅन’ म्हणतात. हिमनद्यांनी सोडलेल्या गाळावर वाऱ्याने बारीक धूळ आणून टाकली, आणि पुढे हजारो वर्षे पावसाच्या पाण्याबरोबर चिकणकण खाली झिरपत एका पातळीवर साचले, तो हा थर. त्यात निम्म्याहून जास्त चिकणमाती असू शकते. पाऊस झाला की पाणी त्यावर अडते, आणि दुष्काळात त्या थरात पाणी असूनही ते इतके घट्ट धरलेले असते की मुळांना सहज ओढता येत नाही. म्हणजे पिकाचे पोट भरते ते वरच्या मातीवर. ही वरची माती कुठे वीतभरसुद्धा नाही, कुठे मीटरभर आहे. शे-सव्वाशे वर्षांच्या नांगरटीत उतारावरची माती वाहून खाली जमली, त्यामुळे एकाच तासाच्या एका टोकाला मका माती खाऊन उभा असतो आणि दुसऱ्या टोकाला तो चिकणीवर टेकलेला असतो.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. वरच्या अंगाला मुरमाड, मधे मध्यम, ओढ्याकडे काळी भारी, आणि त्यातच एखादा चिबड तुकडा, असे एकाच गट नंबरात असते आणि शेतकऱ्याला ते तोंडपाठ असते. फरक इतकाच की नव्वद एकरांत यंत्रावर बसून काम करणाऱ्याला ते पायाखाली जाणवत नाही. प्रत्येक दहा मीटरवर गिरमीट घालून चिकणथराची खोली मोजणे तर कुणालाच परवडणार नाही. म्हणून एखादी अशी गोष्ट मोजावी लागते जी ट्रॅक्टर चालता चालता मोजता येईल आणि जिच्यावरून खोलीचा अंदाज बांधता येईल.

ती गोष्ट म्हणजे मातीची विद्युतवाहकता. कॅन्सस राज्यातल्या सलाइना गावी बनणारे व्हेरिस नावाचे एक यंत्र आहे. ते ट्रॅक्टरमागे ओढायचे. त्याला लोखंडी चकत्यांची रांग असते. दोन चकत्या जमिनीत वीज सोडतात आणि बाकीच्या चार चकत्या किती वीज पोचली ते टिपतात. चकत्यांमधले अंतर कमी असलेली जोडी वरच्या 30 सेंटिमीटरची वाहकता सांगते, जास्त अंतराची जोडी सुमारे 90 सेंटिमीटरपर्यंतची. दुसरे एक साधन जमिनीला न टेकता चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने हेच काम करते, त्याला प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर ठेवून ओढतात, कारण जवळ लोखंड आले की आकडे बिघडतात. दर सेकंदाला एक आकडा आणि त्याबरोबर उपग्रहावरून मिळालेली जागा, अशी नोंद होते. दहा-पंधरा मीटर अंतराने फेऱ्या मारल्या की शेताचा नकाशा तयार.

चिकणमाती ओलावा धरते, तिच्या कणांवर विद्युतभार असलेले आयन असतात, म्हणून तिच्यातून वीज वाळूपेक्षा किंवा पोयट्यापेक्षा सहज जाते. मिसुरीत जिथे वाहकता जास्त तिथे चिकणथर वर आलेला, म्हणजे चांगली माती पातळ. जिथे वाहकता कमी तिथे माती खोल. हा संबंध उलटा आहे हे लक्षात ठेवावे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. अर्थात यंत्र खोली मोजत नाही. त्यासाठी नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दहा-पंधरा ठिकाणी गिरमीट घालून प्रत्यक्ष खोली पाहावी लागते आणि आकडा व खोली यांची सांगड त्या शेतापुरती घालावी लागते.

इथे एक घोटाळा हमखास होतो. जमीन आरोग्य पत्रिकेवर ‘ईसी’ म्हणून एक आकडा असतो. तो प्रयोगशाळेत माती पाण्यात कालवून त्या पाण्याची वाहकता मोजून येतो, आणि तो क्षार सांगतो. शेतात चकत्यांनी मोजलेली वाहकता ही चिकणमाती, ओलावा, क्षार आणि तापमान या साऱ्यांची मिळून असते. मिसुरीच्या त्या शेतात क्षार नगण्य, म्हणून तिथे आकड्याचा अर्थ चिकण. हेच यंत्र सांगली-कोल्हापूरकडच्या पाणी लागून क्षारपड झालेल्या उसाच्या रानात फिरवले तर जास्त आकड्याचा अर्थ बहुधा मीठ असा निघेल, आणि खताचा निर्णय अगदी वेगळा होईल. ओलाव्याचेही तसेच. मे महिन्यातला आकडा आणि पावसानंतरचा आकडा जुळणार नाही. पण दोन्ही वेळी शेताचा कोणता भाग जास्त आणि कोणता कमी, ही रचना बव्हंशी तीच राहते. म्हणून आकडा पाहू नये, नक्षी पाहावी. आणि ओल बरी असताना, पण चिखल नसताना फेरी मारावी, कारण कोरड्या जमिनीत चकत्यांचा मातीशी संपर्क नीट होत नाही.

आता दुसरा नकाशा, उताऱ्याचा. सातबाराचा नव्हे, एकरी उत्पादनाचा. हार्वेस्टरच्या आत स्वच्छ दाणे वर नेणारा एक उभा पट्टा असतो. वर पोचलेले दाणे उडून एका पत्र्यावर आपटतात आणि त्या आघातावरून सेकंदाला किती धान्य आले हे कळते. सोबत दाण्यातला ओलावा मोजला जातो. यंत्राची रुंदी आणि वेग माहीत असतात, तेव्हा त्या सेकंदात कापलेल्या तुकड्याचे उत्पादन निघते.

कणीस कापले त्या क्षणी दाणे वर पोचलेले नसतात, हा यातला पेच. मळणी, चाळणी आणि मग तो पट्टा, या प्रवासाला दहा-पंधरा सेकंद लागतात. यंत्र सेकंदाला दोन मीटर चालत असेल तर तेवढ्यात ते वीस-तीस मीटर पुढे गेलेले असते. संगणकात हा उशीर चुकीचा भरला तर प्रत्येक तासाचा नकाशा थोडा पुढे किंवा मागे सरकतो. शेजारची फेरी उलट्या दिशेने झालेली असते, तिचा नकाशा उलट सरकतो. मग चांगल्या आणि वाईट मातीची सीमा, जी जमिनीत सरळ आहे, नकाशावर करवतीच्या दातांसारखी दिसते. असे दात दिसले की मातीला दोष देऊ नये, उशीर दुरुस्त करावा. याखेरीज वळणावरचे, यंत्र अचानक थांबल्याचे, अर्ध्या रुंदीने कापल्याचे आकडे गाळावे लागतात. कोलंबियाच्या याच संशोधकांनी त्यासाठी ‘यील्ड एडिटर’ नावाची आज्ञावली फुकट उपलब्ध करून दिली आहे. ही साफसफाई कंटाळवाणी आहे, आणि बहुतेक लोक तीच टाळतात.

एका वर्षाचा नकाशा पुरत नाही, याचे कारणही या मातीत आहे. कोरड्या वर्षी पातळ मातीवरचा मका आधी सुकतो, खोल माती टिकून राहते. अतिपावसाच्या वर्षी मात्र खालच्या अंगाला पाणी तुंबते आणि उतारावरचा पातळ तुकडा तुलनेने बरा दिसतो. म्हणजे दोन नकाशे एकमेकांच्या उलट. पाच वर्षांची सरासरी काढली की हा उलटफेर सपाट होऊन नकाशात मध्यम रंग उरतो, आणि तो भाग ‘मध्यम मातीचा’ आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो बेभरवशाचा असतो. म्हणून सरासरीबरोबर एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी किती हेलकावा आहे तेही पाहावे लागते. मका आणि सोयाबीन यांची थेट बेरीज होत नाही, तेव्हा प्रत्येक वर्षीचे उत्पादन त्या वर्षीच्या शेताच्या सरासरीच्या टक्क्यांत मांडतात. 100 म्हणजे सरासरी, 120 म्हणजे त्याच्या सव्वापटीला थोडे कमी.

दोन्ही नकाशे हाती आले की शेताचे लहान चौकोन पाडायचे, दहा मीटरचे म्हणा, आणि प्रत्येक चौकोनाला वाहकतेचा आणि उत्पादनाचा असे दोन आकडे द्यायचे. मग संगणकाला सांगायचे की सारख्या चौकोनांचे गट पाड. एका चौकोनाचे उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. शेताची सरासरी वाहकता 35 (मिलिसिमेन्स प्रति मीटर) आणि नेहमीचा फरक 10 आहे. उत्पादनाची सरासरी 100 आणि नेहमीचा फरक 15. आपल्या चौकोनाची वाहकता 43, उत्पादन 91. सरासरीपासूनचे अंतर नेहमीच्या फरकाने भागले तर वाहकता +0.8 आणि उत्पादन −0.6 येते. हे भागणे आवश्यक आहे. उत्पादन हेक्टरी किलोत, म्हणजे हजारांत लिहिले आणि वाहकता दहा-वीसच्या घरात राहिली, तर मोठ्या आकड्यांपुढे वाहकतेचे मत कुणी ऐकणार नाही.

समजा संगणकाने तीन गट धरले आहेत. पातळ मातीच्या गटाचा मध्य (+1.2, −1.1), मधल्या गटाचा (+0.1, +0.1) आणि खोल मातीच्या गटाचा (−1.2, +1.0). आपल्या चौकोनाच्या या तिघांपासूनच्या अंतरांचे वर्ग येतात 0.41, 0.98 आणि 6.56. जितके अंतर कमी तितकी जवळीक जास्त, या हिशोबाने तो चौकोन 68 टक्के पातळ गटाचा, 28 टक्के मधल्याचा आणि 4 टक्के खोल गटाचा ठरतो. सगळ्या चौकोनांचे असे वाटप झाले की गटांचे मध्य नव्याने काढायचे, पुन्हा वाटप, पुन्हा मध्य. मध्य हलायचे थांबले की संपले. या रीतीला फझी वर्गीकरण म्हणतात, आणि मला ती काटेकोर ‘हा नाही तर तो’ या वाटपापेक्षा प्रामाणिक वाटते, कारण माती रेघ मारून बदलत नाही. 68-28 असा कौल मिळालेले चौकोन सीमेवरचे आहेत हे तिथेच दिसते.

गट किती? कोलंबियाच्या संशोधकांनी मिसुरी विद्यापीठाबरोबर ‘मॅनेजमेंट झोन अ‍ॅनालिस्ट’ नावाची आज्ञावली केली, तिच्याबद्दलचा लेख 2004 मध्ये आला. ती दोन, तीन, चार असे गट पाडून पाहते आणि दर वेळी दोन निर्देशांक देते. वाटप किती धूसर झाले आणि किती विस्कळीत, एवढेच ते सांगतात. दोन्ही जिथे सर्वांत कमी तिथे थांबायचे. उत्तर बहुधा दोन ते चारच्या मध्ये येते. शिवाय खत फेकणाऱ्या यंत्राचा पट्टा अठरा ते चोवीस मीटर रुंद असतो आणि मात्रा बदलायला त्याला एक-दोन सेकंद लागतात. त्यामुळे नकाशावर कितीही नाजूक रांगोळी आली तरी पट्ट्यापेक्षा अरुंद ठिपके पुसून शेजारच्या गटात मिसळावे लागतात.

गट पाडणारा गणिती नियम कधी ‘गट नाहीत’ असे म्हणत नाही. तीन मागा, तो तीन देईल. मनाला येतील ते आकडे भरले तरी देईल, आणि नकाशा तितकाच सुंदर दिसेल. तो खरा आहे का हे ओळखायची एक सोपी रीत आहे. पाच वर्षांचे नकाशे असतील तर चारांवरून गट पाडा आणि पाचवे वर्ष बाजूला ठेवा. मग त्या पाचव्या वर्षी गटागटांतले उत्पादन खरोखर वेगळे आहे का ते बघा. तिन्ही गटांचा उतारा सारखाच निघाला तर नकाशा भिंतीवर लावायला ठीक. कोलंबियाच्या संशोधकांनी 2005 मध्ये फक्त वाहकता आणि जमिनीची उंची घेऊन पाडलेले गट उत्पादनाच्या गटांशी ताडून पाहिले, तेव्हा चांगल्यात चांगली जोडी सुमारे साठ ते सत्तर टक्के जागी जुळली. अनुकूल मातीतसुद्धा तीस-चाळीस टक्के चौकोन वेगळे बोलतात.

वेगळे बोलणाऱ्या चौकोनांकडे मी आधी पाहीन. वाहकता सांगते माती खोल, पण उत्पादन दरवर्षी कमी. चालत जाऊन पाहिले तर कडेला झाडांची रांग निघते, किंवा यंत्र वळवून वळवून जमीन दाबली गेलेली असते, किंवा हरणे तिथे उतरतात. उलटही होते. वाहकता मध्यम आणि पीक जोरात असेल तर जुना गोठा किंवा खळे असू शकते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेण पडलेले असते आणि स्फुरद इतके साठलेले असते की आणखी टाकणे म्हणजे पैसे फेकणे. आपल्या गावठाणाच्या पांढरीसारखे. वाहकतेच्या यंत्राला ते दिसेलच असे नाही.

आता खत. मला या साऱ्यात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट ही वाटते की गट ठरले म्हणजे मात्रा ठरत नाही. स्फुरद आणि पालाश यांचा हिशोब त्यातल्या त्यात सरळ आहे. मक्याचा एक क्विंटल दाणा शेतातून साधारण 600 ते 800 ग्रॅम स्फुरद घेऊन जातो. 700 धरू. खोल मातीत एकरी 46 क्विंटल, मधल्या गटात 40 आणि पातळ मातीत 32 क्विंटल येतात असे समजा. स्फुरद बाहेर गेले अनुक्रमे 32, 28 आणि 22 किलो. शेतकरी वर्षानुवर्षे सगळीकडे 28 किलोच देत आला असेल तर खोल मातीतून दर मक्याला चार किलो तूट, पातळ मातीत सहा किलो साठा. दहा मक्यांनंतर एका बाजूला चाळीस किलोंची खोट आणि दुसऱ्या बाजूला साठाचे ओझे. म्हणून माती परीक्षणात कित्येकदा उलटेच दिसते. जिथे पीक चांगले तिथे स्फुरद कमी. प्रत्येक गटातून पंधरा-वीस ठिकाणची माती एकत्र करून तपासली की हे उघड होते. आपल्या जमीन आरोग्य पत्रिकेच्या योजनेत बागायतीत अडीच हेक्टरांना आणि जिरायतीत दहा हेक्टरांना एक नमुना असतो. तो चौकोन मातीची सीमा पाहून नव्हे, नकाशावरच्या रेघांवर बसतो. एकच नमुना काळी आणि मुरमाड या दोन्हींचा मिळून घेतला तर आकडा दोन्हीपैकी कुणाचाच नसतो.

नत्राचे मात्र असे सरळ नाही. पहिला मोह असा की जास्त पिकणाऱ्या गटाला जास्त नत्र द्यावे. पण खोल मातीत सेंद्रिय अंश जास्त, तो स्वतःच नत्र सोडतो, तेव्हा तिथे गरज कमीही असू शकते. दुसरीकडे खालच्या अंगाला पाणी तुंबले की नत्र वायू होऊन उडते, तिथे गरज वाढते. पातळ मातीत पीक पाण्यावाचून अडते, नत्र वाढवून फरक पडत नाही. आणि हे सारे पावसावर, जो खत टाकतेवेळी पुढे आहे. मिसुरीतल्याच एका संशोधक गटाने 2005 मध्ये दाखवले की मक्याला परवडणारी नत्राची मात्रा एकाच शेतात जागोजागी खूप बदलते, आणि उत्पादनावरून तिचा अंदाज फारसा बांधता येत नाही. म्हणून सेंट्रेलियाच्या शेतात नत्रासाठी पुढे मातीच्या गटांवर विसंबून राहिले नाहीत. उभ्या पिकाच्या पानांचा हिरवेपणा टिपणारे संवेदक लावून त्या वर्षीच्या पिकाला विचारून खत दिले. स्फुरद, पालाश आणि चुना मात्र नकाशाने.

मात्रा बरोबर ठरली का, हे शेवटी शेतच सांगते. त्यासाठी यंत्राच्या रुंदीचा एखादा पट्टा शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळे गट ओलांडून, एकाच मात्रेने टाकायचा. दुसरा पट्टा त्याहून जास्तीचा. काढणीला नकाशावर गटागटांत दोन्ही पट्ट्यांचा फरक वाचायचा. जास्तीच्या पट्ट्यात एखाद्या गटात काहीच वाढ नसेल तर तिथे खत वाया गेले, मग नकाशा काहीही म्हणो. आपल्याकडे सोयाबीनसाठी भाड्याने येणाऱ्या बहुतेक हार्वेस्टरवर उत्पादन मोजायचे यंत्र नसते आणि क्षेत्रही एकरा-दोन एकरांचे असते. तिथे वाहकतेच्या फेरीपेक्षा दोन ठिकाणची वेगळी पोती मोजणे आणि मुरमाड, काळी, चिबड यांची माती वेगळी तपासणे हेच परवडते. गटांची नावे तर तुमच्याकडे आधीच आहेत.

सेंट्रेलियाच्या शेतात 2004 पासून नवी व्यवस्था सुरू झाली. गटांच्या नकाशावर खर्च आणि विक्री मांडून पाहिले, तेव्हा धूप होऊन माती फार पातळ झालेला भाग मक्याच्या वर्षी तोट्यात दिसला. त्याला कमी खत द्यावे की जास्त, हा प्रश्नच तिथे संपला. त्या भागात मका बंद करून हिवाळी गहू घेतला, नांगरट थांबवली, मधल्या काळात जमिनीवर आच्छादनाचे पीक ठेवले. दहा-बारा वर्षांनी हिशोब पाहिला तर एकूण उत्पादन फारसे वाढलेले नव्हते. पण ते एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी खाली-वर होणे कमी झाले होते.